दुकान नकाशावर आणायचंय? आधी हे वाचा, मग काउंटरवर या

दुकानदार भावांनो, ताईंनो, हा कागद आम्ही काउंटरवर ठेवला कारण तीच तीच गोष्ट दिवसातून दहा वेळा सांगून घसा बसला. गूगल मॅपवर दुकान टाकणं म्हणजे काय, त्यात नेमकं चुकतं कुठं, आणि तुम्ही आमच्याकडे येताना काय घेऊन यायचं, एवढंच यात आहे.

पहिले पैशाचं सांगून टाकतो. गूगल याचे एक रुपयाही घेत नाही, टाकायचे नाही, दाखवायचे नाही, वर्षाचे पण नाही. आम्ही 300 रुपये घेतो ते आमच्या बसण्याचे आणि तुमच्या दुकानापर्यंत येण्याचे. "गूगलमधून बोलतोय, तुमचं दुकान नकाशावरून निघणार आहे, आताच पैसे भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या, आणि ओटीपी मागितला तर अजूनच लवकर ठेवा.

बाकी सगळं आम्ही एकाच दुकानावरून सांगतो, कारण त्यांच्याकडे होतील तेवढ्या सगळ्या चुका झाल्या होत्या आणि सांगायची परवानगी त्यांनीच दिली. वरुड तालुक्यात, गावाबाहेर रोडला लागून, मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. आपल्याकडे संत्र्याचे बगीचे, पाणी खोल गेलेलं, घरोघरी बोअर आणि सबमर्सिबल, त्यामुळे जानेवारीत आंबिया बहाराचा ताण तोडला की सगळ्यांच्या मोटरी एकदमच चालू होतात आणि त्यातल्या काही जळतात. कास्तकार रात्रीच्या लाइटीत पाणी द्यायला गेला, मोटर बसली, तर सकाळी तो मोबाइलवर काय टाकतो? "मोटर रिवायंडिंग". त्या वेळी हे भाऊ दिसले पाहिजेत, जागा बरोबर दिसली पाहिजे, आणि दुकान उघडं आहे का ते दिसलं पाहिजे, बस.

त्यांच्या पुतण्याने दोन वर्षांआधी दुकान टाकून ठेवलं होतं. टाकलं पण कसं, तर पत्ता लिहिला, पिनकोड लिहिला, पुढं पुढं करत गेला आणि नकाशावरची लाल खूण कुठं पडली ते पाहिलंच नाही. एका पिनकोडात आपल्याकडे कितीतरी गावं येतात, घर नंबर-गल्ली काही नसते, मग मॅप बिचारा अंदाजाने गावाच्या मधोमध खूण ठोकतो. दुकान रोडवर आणि खूण गावात ग्रामपंचायतीजवळ. एक कास्तकार मोटरसायकलच्या मागं मोटर बांधून तिथं पोहोचला, फोन केला आणि म्हणाला, "भाऊ, मी मंदिरासमोर उभा आहो, तुमचं दुकान कुठी आहे?" हे रोजचं झालं तेव्हा ते आमच्याकडे आले.

खूण नीट करायला फार अक्कल लागत नाही, फक्त दुकानात बसून करू नका. टिनाच्या शेडखाली फोनला सॅटेलाइट नीट सापडत नाही, निळा ठिपका इकडून तिकडं उड्या मारतो आणि त्याच्याभोवती मोठं फिकट निळं वर्तुळ दिसतं, त्याचा अर्थ फोनलाच खात्री नाही. बाहेर रोडवर या, मिनिटभर थांबा, वर्तुळ लहान होऊ द्या. मग मॅप सॅटेलाइट व्ह्यूवर टाका, तुमच्या शेडचं छत ओळखा आणि खूण बोटाने ओढून त्या छतावर, रोडकडच्या बाजूला ठेवा. मागच्या शेतात खूण पडली तर मॅप कधी कधी माणसाला पांदण रस्त्याने फिरवून आणतो, हे आम्ही पाहिलं आहे.

त्याच ठिकाणी प्लस कोड पण पाहून घ्या. नकाशावर दाबून धरलं की चार अक्षरं, मग अधिकचं चिन्ह, मग दोन-तीन अक्षरं आणि गावाचं नाव असं दिसतं. त्यात शून्य आणि एक हे आकडे नसतातच, त्यामुळे शून्य की ओ असा फोनवर घोळ होत नाही. ज्याच्या पत्त्यात "फाट्याजवळ" याच्या पुढं काही लिहायला नाही त्याच्यासाठी हाच पत्ता, बिलबुकवर छापून टाका.

नाव आणि काम

पुतण्याची दुसरी करामत नावात. पाटीवर तीन शब्दांचं नाव, पण मॅपवर त्याने त्यापुढं "बेस्ट सबमर्सिबल मोटर रिपेअर वरुड मोर्शी शेंदुरजना" एवढी शेपटी लावली होती. कोणी तक्रार केली की गूगलच्या स्वतःच्या लक्षात आलं माहीत नाही, पण एक दिवस पूर्ण प्रोफाइल सस्पेंड. नियम साधा आहे, पाटीवर, बिलावर जे नाव तेच मॅपवर, त्यात गावाचं नाव नाही, कामाची यादी नाही. सस्पेंड झालेलं परत आणायला अपील करावं लागतं आणि दुकान खरंच आहे याचे कागद द्यावे लागतात, तोपर्यंत ऐन सीझनमध्ये तुम्ही नकाशावरून गायब.

काम कोणतं ते नावात नाही, कॅटेगरीत सांगायचं असतं. ती मनाने लिहिता येत नाही, गूगलच्या यादीतूनच निवडावी लागते. यांनी इलेक्ट्रिशियन निवडलं होतं, त्यामुळे घरातला पंखा बसवायला, मीटर पाहायला लोकांचे फोन यायचे आणि मोटरवाल्यांना हे दिसायचेच नाहीत. आम्ही मुख्य कॅटेगरी `Electric motor repair shop` केली. एक मुख्य असते आणि वरून नऊपर्यंत टाकता येतात, पण जे करता तेवढंच टाका, दहा भरायच्या म्हणून भरू नका.

आता सगळे विचारतात की आमचं दुकान पहिल्या नंबरवर येईल का. भाऊ, ते कोणाच्या हातात नाही. गूगल तीन गोष्टी पाहतं म्हणून सांगतं, शोधलेल्या कामाशी दुकान किती जुळतं, शोधणाऱ्यापासून किती दूर आहे, आणि दुकान किती ओळखीचं आहे, ज्यात रिव्ह्यू पण आले. मोर्शीत उभ्या असलेल्या माणसाला मोर्शीचं दुकान आधी दिसणारच. "पहिला नंबर लावून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, आम्ही म्हटलं तरी देऊ नका.

दुकान तुमचंच आहे हे पटवणं

याला व्हेरिफिकेशन म्हणतात, आणि याच्याशिवाय तुम्ही भरलेलं लोकांना दिसत नाही. कोणती पद्धत येईल ते गूगल ठरवतं, आपण नाही. काहींना फोनवर कोड येतो, पण आजकाल बहुतेकांना व्हिडिओच मागतात. व्हिडिओ एका दमात काढायचा, मधे बंद करायचा नाही, कापाकापी नाही, आणि अर्ध्या मिनिटापेक्षा कमी नको.

भाऊंचा पहिला व्हिडिओ नापास झाला कारण त्यांनी दुकानात उभं राहून फक्त मशीन दाखवली. दुसऱ्या वेळी आम्ही सोबत गेलो. रोडवरून सुरू केलं, बाजूचा पेट्रोल पंप आणि गावाच्या नावाचा दगड दिसू दिला, मग दुकानाची पाटी, मग भाऊंनी स्वतःच्या चावीने कुलूप उघडून शटर वर केलं, आत वायंडिंग मशीन, तांब्याची तार, उघडून ठेवलेल्या मोटरी, आणि शेवटी दुकानाचं नाव छापलेलं बिलबुक. कुलूप उघडणं यात सगळ्यात कामाचं, कारण जागा, दुकान आणि ते तुमच्या ताब्यात आहे या तीन गोष्टी त्यांना दिसल्या पाहिजेत. गिऱ्हाइकाचे चेहरे आणि बँकेचे कागद येऊ देऊ नका. रेंज कमी असेल तर अपलोड अडकतं, म्हणून जिथं चांगला डेटा चालतो ते सिम घालून ठेवा. निकालाला पाच कामाचे दिवस लागू शकतात, तेवढ्यात नाव-पत्ता बदलत बसू नका.

आणि हे सगळं स्वतःच्या जीमेलवर करा. यांचं पुतण्याच्या जीमेलवर होतं, पोट्टा पुण्याला गेला, फोन बदलला, पासवर्ड विसरला. मग मालकी मागण्याचा अर्ज टाका, जुन्या जीमेलला मेल जाते, तो पाहत नाही, वाट पाहा... मालक तुम्ही राहा, आम्हाला फक्त मॅनेजर म्हणून जोडा, काम झालं की काढून टाका.

वेळ

वेळ लिहिताना सकाळी नऊ ते रात्री आठ असं सरळ लिहू नका, जर दुपारी दीड ते तीन जेवायला जात असाल. एका दिवसात दोन तुकडे टाकता येतात. पोळ्याच्या, दिवाळीच्या सुट्ट्या `Special hours` मध्ये त्या त्या तारखेला टाका, मुख्य वेळ बदलू नका, नाहीतर सण संपला तरी दुकान मॅपवर बंदच राहतं. भाऊंनी पोळ्याला तसंच केलं, तान्ह्या पोळ्यानंतर चार दिवस झाले तरी लाल अक्षरात बंद, आणि ते म्हणे गिऱ्हाईक का येऊन नाही राहिलं!

अजून एक, रस्त्याने जाणारा कोणीही `Suggest an edit` दाबून तुमची वेळ बदलायला सुचवू शकतो, दुकान कायमचं बंद झालं असंसुद्धा सुचवू शकतो. गूगलला पटलं तर ते बदलूनही टाकतं. महिन्यातून एकदा स्वतःचं दुकान स्वतःच शोधून पाहा.

रिव्ह्यू

प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर मिळतो, तो आम्ही छापून देतो, मोटर घेऊन जाताना गिऱ्हाइकाला दाखवा. पांढुर्णा-मुलताईकडून येणारे हिंदीत लिहितात, चालतं, उत्तर पण हिंदीत द्या. पण पाच स्टारसाठी पन्नास रुपये सूट देऊ नका, साळ्या-मेहुण्यांकडून एकाच दिवशी पंधरा लिहून घेऊ नका, हे नियमात बसत नाही आणि रिव्ह्यू उडतात.

भाऊंना एक स्टार आला होता, "आठ दिवसात मोटर पुन्हा जळली." ते चिडून आमच्याकडे आले, म्हणे हे काढा. मालकाला काढता येत नाही. शिवी असेल, दुसऱ्याच दुकानाचं असेल, खोटं असेल तर रिपोर्ट करता येतं, "काम आवडलं नाही" हे काढत नाहीत. मग आम्ही त्यांच्याकडून उत्तर लिहून घेतलं, की मोटर घेऊन या, तुमच्यासमोर उघडतो, एक फेज गेल्याने जळली असेल तर स्टार्टर पण पाहून देतो. माणूस आला, एक फेज खरंच येत-जात होती. त्याने स्वतःच रिव्ह्यू बदलून चार स्टार केले. पाचवा का नाही दिला ते भाऊ अजून विचारतात.

येताना स्मार्टफोन चार्ज करून आणा, स्वतःच्या जीमेलचा पासवर्ड, दुकानाचं बिलबुक, आणि पाटीचा, आतल्या कामाचा दिवसाउजेडी काढलेला फोटो. पाटी अजून रंगवायची असेल तर आधी ती रंगवून घ्या, मग या.