गटचर्चेतले नव्वद सेकंद

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला इंटर्नशिपसाठी कंपन्या कॉलेजवर येऊ लागल्या की ऑनलाइन चाचणी आणि मुलाखत यांच्या मध्ये अनेकदा जीडीची, म्हणजे गटचर्चेची फेरी येते. आठ-दहा मुलामुलींना गोल बसवतात आणि विषय सांगतात. विचाराला दोन-तीन मिनिटं आणि बोलायला साधारण पंधरा मिनिटं मिळतात. कंपनीची माणसं बाजूला कागद घेऊन बसतात आणि सहसा मध्ये पडत नाहीत. अध्यक्ष कोणी नसतो, पाळ्या ठरलेल्या नसतात. पंधरा मिनिटं म्हणजे ९०० सेकंद. दहा जणांत वाटली तर प्रत्येकाला नव्वद सेकंद येतात, म्हणजे वीस-पंचवीस सेकंदांच्या तीन-चार पाळ्या. जीडीची तयारी म्हणून पाठ केलेलं पाच मिनिटांचं भाषण इथे कुठेच बसत नाही.

या नव्वद सेकंदांत स्पष्ट विचार दिसतो कसा? त्यासाठी आधी गट मुळात कसा बोलतो ते पाहायला हवं. त्याबद्दलचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रयोग १९८५ साली अमेरिकेत गॅरल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी केला. चार-चार विद्यार्थ्यांच्या गटांना विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदासाठी तीन काल्पनिक उमेदवारांतून एक निवडायचा होता. सगळी माहिती एकत्र पाहिली तर त्यांतला एक उमेदवार उघडपणे सरस होता. काही गटांत प्रत्येकाला सगळी माहिती दिली, तेव्हा ८३ टक्के गटांनी त्यालाच निवडलं. बाकीच्या गटांत त्याच्या जमेच्या बाजू चौघांत वाटून टाकल्या. प्रत्येकाला त्यातल्या थोड्याच कळल्या, पण चौघांनी आपापलं सांगितलं असतं तर चित्र पूर्ण झालं असतं. या गटांपैकी पाव गटांनीसुद्धा योग्य उमेदवार निवडला नाही. चर्चा मुख्यतः सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींभोवती फिरत राहिली, आणि एकट्याकडे असलेली माहिती एक तर टेबलावर आलीच नाही किंवा आली आणि मागे पडली.

याचं कारण समजायला अवघड नाही. जी गोष्ट चौघांना ठाऊक आहे ती कोणीतरी बोलण्याची शक्यता बरीच जास्त असते. शिवाय ती बोलली की तिघे माना डोलावतात, बोलणाऱ्याला बरं वाटतं आणि तीच गोष्ट पुन्हा येते. एकट्याला ठाऊक असलेली गोष्ट सांगणारा मात्र एकटाच असतो आणि तिला दुजोरा द्यायला कोणी नसतं.

जीडीत नेमकं हेच घडतं. समजा विषय आहे, 'पुण्यातल्या बीआरटीच्या, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या, स्वतंत्र मार्गिका ठेवाव्यात की काढाव्यात?' पहिल्या चार मिनिटांत काय येणार ते आधीच सांगता येतं. वाहतूक कोंडी वाढली आहे, प्रदूषण वाढलं आहे, लोक मार्गिकेत घुसतात, मेट्रो आली आहे. दहाही जणांना हे माहीत आहे, आणि दहाही जण ते आपापल्या शब्दांत सांगतील. मात्र त्याच गोलात रोज पीएमपीच्या बसने येणारी अनघा बसली आहे. तिला माहीत आहे की मार्गिकेत बस वेगाने जाते, पण रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत पोचायला भर वाहतूक ओलांडावी लागते. अहमदाबादचा एक जण आहे, त्याने २००९ साली सुरू झालेली तिथली बीआरटी रोज पाहिली आहे. सिव्हिलचा एक जण आहे, त्याला रस्त्याची क्षमता कशी मोजतात ते शिकवलं आहे. म्हणून विचाराच्या दोन मिनिटांत 'या विषयावर काय बोलता येईल?' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. 'या नऊ जणांकडे नसेल असं माझ्याकडे काय आहे?' हा प्रश्न कागदावर लिहावा आणि त्याखाली दोन ओळी.

आता सिव्हिलच्या मुलाकडे वळू. त्याला प्रथम बोलायची घाई आहे, कारण 'जो सुरुवात करतो त्याला गुण' असं सीनियर्सनी सांगितलेलं असतं. यात थोडं तथ्य आहे. कॅमेरॉन अँडरसन आणि गॅव्हिन किल्डफ यांच्या २००९ च्या अभ्यासात चार-चार जणांच्या गटांना गणितं सोडवायला दिली होती. ठासून आणि लवकर बोलणारे इतरांना अधिक हुशार वाटले, प्रत्यक्षात ते तसे नसतानाही. आणि ९४ टक्के वेळा जे उत्तर सर्वांत आधी कोणीतरी उच्चारलं तेच गटाचं अंतिम उत्तर ठरलं. पहिल्या वाक्याचं वजन इतकं असतं. म्हणूनच पहिलं बोलायचं असेल तर त्यात निकाल देऊ नये, मोजमाप ठरवावं. 'बीआरटी काढून टाकली पाहिजे' असं म्हटलं की चर्चा दोन छावण्यांत तुटते. त्याऐवजी: "आपण आधी ठरवूया, मार्गिका चांगली की वाईट हे कशावरून म्हणायचं? मी सुचवतो, एका तासात तिच्यातून किती गाड्या जातात यापेक्षा किती माणसं जातात ते पाहू." हे बारा-पंधरा सेकंदांचं बोलणं आहे आणि पुढच्या प्रत्येकाला त्याला धरून बोलावं लागतं.

हिशोबही तोंडी करण्यासारखा आहे. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला १००० मोटारी जातात असं धरू. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर १५०० माणसं झाली. एका बसमध्ये ५० माणसं धरली तर तितक्याच माणसांसाठी तासाला ३० बस लागतात, म्हणजे दर दोन मिनिटांना एक. तेव्हा आपला मुलगा म्हणतो: "बस दर दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळा धावत असेल तर मार्गिका ठेवणं फायद्याचं, दहा मिनिटांनी एक येत असेल तर ती जागा वाया जाते. हे आकडे मी गृहीत धरलेत, कोणाकडे चांगले असतील तर बदलू." हवी की नको, या प्रश्नाचं त्याने 'कोणत्या अटीवर हवी' या प्रश्नात रूपांतर केलं. परीक्षकाच्या कागदावर विचाराची स्पष्टता म्हणून जे लिहिलं जातं ते बहुतेक वेळा एवढंच असतं. गृहीत काय धरलं ते सांगितलेलं असतं, आणि काय बदललं तर आपलं मत बदलेल तेही.

आणि मग समोरून आक्षेप येतो: "पुण्यात मोटारी कमी आणि दुचाक्या जास्त आहेत, तुझा हिशोब पुण्याचा नाही." हा क्षण मला संपूर्ण जीडीत सर्वांत मोलाचा वाटतो. बरेच जण इथे आवाज चढवतात किंवा पहिलंच वाक्य जोराने पुन्हा म्हणतात. आक्षेप खरा असेल तर तो हिशोबात घ्यावा. रस्त्याच्या हिशोबात दुचाकी अर्ध्या ते पाऊण मोटारीइतकी धरतात. आपण अर्धी धरू. मार्गिकेची निम्मी क्षमता मोटारींना दिली तर ५०० मोटारी, ७५० माणसं. उरलेल्या निम्म्यात १००० दुचाक्या, प्रत्येकीवर सरासरी सव्वा माणूस, म्हणजे १२५० माणसं. एकूण २०००. आता बरोबरीला तासाला ४० बस लागतात, म्हणजे दर दीड मिनिटाला एक. "तुझं बरोबर आहे, अट दोन मिनिटांवरून दीड मिनिटावर आली, म्हणजे मार्गिकेची बाजू थोडी कमजोर झाली." असं म्हणणारा हरत नाही. आक्षेपाने उत्तर किती सरकलं हे त्याने सगळ्यांसमोर दाखवलं, आणि ते करताना समोरच्याचा मानही राखला.

पण हे जमायला समोरच्याचं ऐकलेलं असावं लागतं, आणि इथे आपली स्मृतीच आडवी येते. १९७३ साली माल्कम ब्रेनर यांनी लोकांना गोल बसवून एकामागून एक शब्द वाचायला लावले. नंतर विचारल्यावर असं दिसलं की स्वतःच्या पाळीच्या लगेच आधीचे काही सेकंद जे वाचलं गेलं ते लोकांना सर्वांत कमी आठवत होतं. लक्ष आपल्या शब्दाकडे लागलेलं असतं. जीडीत मुलं आत्ताच मांडला गेलेला मुद्दा 'मला एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे' म्हणत परत मांडतात, त्यामागे उद्धटपणा क्वचितच असतो. यावर साधा उपाय म्हणजे वही. आपलं पुढचं वाक्य दोन शब्दांत लिहून टाकावं, म्हणजे ते डोक्यात धरून ठेवावं लागत नाही. मग इतरांच्या नावापुढे त्यांचा मुद्दा एका शब्दात टिपत राहावं.

त्याच वहीमुळे बोलण्यात शिरणंही सोपं होतं. साध्या संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा भागच लागतो. वेगवेगळ्या दहा भाषांच्या तुलनेत असंच दिसलं आहे. म्हणजे ऐकणारा वाक्य संपण्याआधीच त्याचा शेवट ओळखतो आणि तयार होतो. दहा जणांच्या गोलात ही फट पकडायला अनेक जण टपलेले असतात. अशा वेळी शेजारच्याच्या वाक्याच्या शेवटी त्याचं नाव घेऊन, त्याच्याच शब्दाला धरून सुरुवात केली तर ती घुसखोरी वाटत नाही. "अनघा थांब्यापर्यंत पोचण्याबद्दल म्हणाली, ते या हिशोबात यायला हवं, कारण थांब्यावर पोचताच येत नसेल तर बसमध्ये ५० माणसं येणार कुठून?" अनघाचा मुद्दा मागे पडला होता. त्याला दुजोरा मिळाला आणि तो पुन्हा टेबलावर आला. स्टॅसरच्या गटांत नेमकं हेच झालं नव्हतं.

फिश मार्केट झालं, म्हणजे पाच जण एकदम बोलू लागले, तर सहाव्याने आवाज वाढवून काही होत नाही. एका श्वासाची जागा मिळताच एकच छोटं वाक्य टाकावं: "दोन गोष्टी एकत्र चालल्या आहेत, आधी बसची संख्या संपवूया का?" हेही चाललं नाही तर थांबावं आणि अर्ध्या मिनिटाने तेच पुन्हा म्हणावं.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. जो जास्त वेळ बोलतो तो गटाला नेता वाटतो, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे, आणि परीक्षकही माणसंच असतात. त्यामुळे उत्तम विचार करून दोनदाच बोललेली मुलगी मागे पडू शकते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीचं दडपण असतं, त्यांचं नुकसान यात अधिक होतं. त्यांनी लांब वाक्यं जुळवण्याच्या नादी लागू नये. 'माझं गृहीत अमुक, म्हणून निष्कर्ष तमुक' असं दोन लहान वाक्यांत बोलावं, आणि पहिली पाळी पहिल्या पाच मिनिटांच्या आत घ्यावी. पहिल्यांदा तोंड उघडायला जितका उशीर होतो तितकं ते अवघड होत जातं.

शेवटच्या मिनिटाला परीक्षक कधीकधी कोणाला तरी समारोप करायला सांगतात. तिथे आपलं मत सगळ्यांचं म्हणून खपवण्याचा मोह होतो, आणि तो लगेच दिसतो, कारण उरलेले नऊ जण चुळबुळ करू लागतात. खरा समारोप असा असतो: "आपण तासाला किती माणसं जातात हे माप धरलं. दुचाक्या धरल्यावर दर दीड मिनिटाला बस असेल तर मार्गिका टिकते, असं आलं. थांब्यापर्यंतची वाट सुरक्षित हवी यावर बहुतेक सहमत होते. मेट्रोमुळे बसची गरज कमी होईल का, यावर मात्र एकमत झालं नाही."