मेन बंद करणं म्हणजे चेंजओव्हर नव्हे

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला किनाऱ्यावर आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये गेलं. तेव्हापासून लाइट गेली की कित्येक दिवस येत नाही, हे गृहीत धरून कोकणात घरोघरी जनरेटर ठेवले जातात. ते घराला जोडायच्या दोन पद्धती दिसतात. एकीत मेन स्विच खाली पाडून जनरेटरची वायर घरातल्या एखाद्या सॉकेटमध्ये खोचतात. दुसरीत मीटर आणि घराचा बोर्ड यांच्यामध्ये चेंजओव्हर, म्हणजे घर लाइटवर किंवा जनरेटरवर टाकणारा स्विच, बसवलेला असतो. पंखे दोन्हीत फिरतात, म्हणून दोन्ही सारखंच वाटतं.

गुहागरकडचा एखादा होमस्टे घ्या. सिंगल फेज कनेक्शन, ३ केव्हीएचा जनरेटर, आणि दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर. वायर सॉकेटमध्ये आहे आणि कुणीतरी मेन पाडायला विसरलं किंवा लाइट आली का बघायला तो पुन्हा वर केला, तर जनरेटरचे २३० व्होल्ट मीटरमधून उलटे खांबावर आणि तिथून डीपीवर, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर जातात.

डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ करतो. ४३३ हे दोन फेजमधलं माप. फेज आणि न्यूट्रलमध्ये २५० येतात. वरच्या, म्हणजे ११,००० च्या बाजूच्या गुंडाळ्या डेल्टा जोडणीत असतात, म्हणजे प्रत्येक गुंडाळीवर पूर्ण ११,००० असतात. ११,००० भागिले २५० म्हणजे ४४ पट. ट्रान्सफॉर्मरला वीज कुठल्या बाजूने आली याच्याशी देणंघेणं नसतं, त्यामुळे खालून २३० घातले की वर त्याच ४४ पटीने १०,१२० व्होल्ट निघतात. एकाच फेजवर वीज गेली तरी उरलेल्या दोन गुंडाळ्यांत साधारण निम्मा दाब तयार होतो. वरचं एकही टोक निर्धोक राहत नाही.

‘एवढासा जनरेटर गावाच्या लोडखाली बंदच पडेल’ असं वायरमनही सांगतात. शेजाऱ्यांचा लोड चालू असेल तर बऱ्याचदा तसं होतं. पण वादळानंतर एलटीच्या, म्हणजे डीपीपासून घरांकडे येणाऱ्या तारा अर्ध्यावर तुटलेल्या असतात, लोकांनी मेन पाडलेले असतात, आणि नुसता रिकामा ट्रान्सफॉर्मर जागवायला काही अँपिअर पुरतात. ३ केव्हीएचा जनरेटर साधारण १३ अँपिअर देतो. दाब निम्म्यावर, ११५ व्होल्टवर आला तरी वर ५,००० व्होल्ट उभे राहतात. लाइनमनने ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या बाजूचे डीओ फ्यूज उतरवले असतील, तर हे व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगवर आणि डीओच्या खालच्या टोकावर थांबतं. फ्यूज बदलताना त्याचा हात तिथेच जातो. डीओ जागेवर असून फक्त पलीकडचा, लाइन तोडणारा एबी स्विच उघडला असेल, तर मधली सगळी लाइन जिवंत होते. म्हणूनच लाइनमनने तार तपासून, डिस्चार्ज रॉडने अर्थ करूनच हात लावायचा असतो. तुमच्या घरची चूक झाकायला तो रॉड प्रत्येक वेळी लावलेला असेल, यावर कुणी विसंबू नये.

चेंजओव्हरचा हँडल एका वेळी एकाच बाजूला जातो: लाइट, मध्ये ऑफ, जनरेटर. विसरायला जागाच उरत नाही. एवढ्यावर बहुतेक जण समाधान मानतात, पण खरा फरक न्यूट्रलमध्ये आहे.

कटआउटचा फ्यूज काढला किंवा एक पोलचा एमसीबी पाडला की फक्त फेज तुटतो. न्यूट्रल खांबापर्यंत जोडलेलाच राहतो. कोकणात एक फेज जाऊन बाकी दोन चालू राहणं नेहमीचं आहे. अशा वेळी तुम्ही जनरेटरवर असता आणि शेजाऱ्यांचा लोड त्याच न्यूट्रलवर चालू असतो. पुढे कुठे तो न्यूट्रल तुटला तर त्यावर धोकादायक व्होल्टेज चढतं आणि पाडलेल्या मेनला वळसा घालून तुमच्या घरात येतं. म्हणून सिंगल फेजला दोन पोलचा आणि थ्री फेजला चार पोलचा चेंजओव्हर घ्यावा. चार पोलच्यात न्यूट्रल आधी जुळणारा आणि शेवटी सुटणारा असावा. तो फेजच्या आधी सुटला तर क्षणभर सिंगल फेजच्या उपकरणांवर ४०० च्या आसपास व्होल्ट जाऊ शकतात.

इथे दुसरी बाजू सुटते. महावितरणचा न्यूट्रल डीपीजवळ जमिनीला जोडलेला असतो. तो तोडला की जनरेटर एकटा पडतो. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुधा बॉडीला जोडलेला नसतो, त्यामुळे फ्रिजच्या पत्र्याला फेज लागला तरी करंटला परतायला वाट नसते आणि गळतीचा करंट पकडून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी गप्प बसतो. म्हणून जनरेटरच्या न्यूट्रल टर्मिनलपासून घराच्या अर्थिंगला लिंक द्यावी लागते. ती चेंजओव्हरच्या आधी, जनरेटरच्या बाजूला असावी, आणि ईएलसीबी चेंजओव्हरच्या नंतर. लिंक ईएलसीबीच्या पुढे घातली तर तो विनाकारण पडत राहील. आणि न्यूट्रल न तोडता लिंक घातली तर महावितरणचा न्यूट्रल तुमच्या अर्थिंगला बांधला जाईल, आसपासचा करंट तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्यातून वाहू लागेल. न्यूट्रल तोडणं आणि लिंक देणं ही जोडीची कामं आहेत. एकच केलं तर घोटाळा वाढतो. इन्व्हर्टर जातीच्या जनरेटरला मात्र कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच लिंक द्यावी.

जांभ्याच्या कातळात अर्थिंग मे महिन्यात कोरडं पडतं. त्याचा रोध ५० ओहम भरला तर लाइटवर असताना फॉल्टचा करंट २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर, १६ अँपिअरचा एमसीबी त्याला दाद देत नाही. ईएलसीबी ऐच्छिक नाही तो याचसाठी.

जुन्या घरात हमखास सापडणारी चूक अशी: काही सर्किटंच जनरेटरवर घ्यायची म्हणून वायरमन त्यांचे फेज चेंजओव्हरवर आणतो, न्यूट्रल मात्र सगळे जुन्याच पट्टीवर ठेवतो. मग जनरेटरवर दिवे लागत नाहीत. ते लागावेत म्हणून कुणीतरी दोन्ही न्यूट्रल जोडून टाकतो आणि दोन पोलचा चेंजओव्हर नावापुरता उरतो. जनरेटरवरच्या सर्किटांना वेगळी न्यूट्रल पट्टी हवी.

तपासणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. जनरेटर बंद, घराच्या सप्लायचा दोन पोलचा मेन बंद, आणि चेंजओव्हरच्या टर्मिनलवर व्होल्टेज नाही याची खात्री. लिंक तेवढ्यापुरती सोडावी, नाहीतर मीटर जमिनीतून फिरून आलेला रोध दाखवतो. चेंजओव्हर जनरेटरकडे टाकून महावितरणचा न्यूट्रल आणि जनरेटरचा न्यूट्रल यांत मल्टिमीटर धरावा. बीप वाजली तर न्यूट्रल कुठेतरी जुळलेला आहे. एकेक सर्किटचा न्यूट्रल सोडत गेलं की तो सापडतो. दुरुस्तीनंतर लिंक परत लावून जनरेटर चालू करावा, ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबावं, आणि मग सॉकेट टेस्टरने फेज व अर्थमध्ये चाचणी करंट सोडून बघावा. बटणाने फक्त यंत्रणा हलते हे कळतं. लिंक नसली तरी ते चालतं. लिंक शाबूत आहे हे दुसऱ्या चाचणीतच दिसतं.