उशिरा जमा झालेला चेक आणि व्याजाची भरपाई : मागचा इतिहास

चेक उशिरा जमा झाला म्हणून बँकेकडे व्याज मागायला गेलं की काउंटरवर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "क्लिअरिंगमध्ये होता." प्रत्यक्षात भरपाईचा नियम बँकेने स्वतःच्या धोरणात लिहून ठेवलेला असतो, आणि ती ग्राहकाने मागायची वाट न पाहता द्यावी असंही त्यात म्हटलेलं असतं. हा नियम तिथे कसा आला, मधल्या काळात कसा गायब झाला आणि परत कसा मिळवला गेला, हे माहीत असेल तर तक्रारीत नेमकं काय लिहायचं ते कळतं.

सुरुवात बाहेरगावच्या चेकपासून करावी लागते. सांगलीच्या व्यापाऱ्याचा चेक मुंबईच्या खात्यात भरला, की मुंबईची शाखा तो कागद टपालाने किंवा कुरिअरने सांगलीला पाठवत असे. तिथे स्वतःची शाखा असेल तर तिच्याकडे, नसेल तर एखाद्या दुसऱ्या बँकेकडे. सांगलीत तो वटायचा, मग पैसे आल्याचा कागद किंवा ड्राफ्ट उलट टपालाने मुंबईला यायचा आणि त्यानंतर ग्राहकाच्या खात्यात रक्कम दिसायची. दोन-तीन आठवडे सहज जायचे आणि वर वटणावळ कापली जायची. चेक देणाऱ्याच्या खात्यातून पैसे गेलेले असायचे, घेणाऱ्याला मिळालेले नसायचे. मधल्या दिवसांचं व्याज बँकांच्या पदरात पडायचं.

या उशिराची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न सरकारी पातळीवर आला तो ग्राहकसेवेच्या समित्यांमुळे. 1970च्या दशकात तलवार यांच्या अध्यक्षतेखाली एक गट नेमला गेला आणि 1990मध्ये स्टेट बँकेचे अध्यक्ष एम. एन. गोईपोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिचा अहवाल 1991च्या अखेरीस आला. त्या काळात रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये तीन गोष्टी होत्या: ठराविक रकमेपर्यंतचा चेक वटण्याआधीच खात्यात जमा धरणे, बाहेरगावच्या चेकसाठी दिवसांची मुदत, आणि ती उलटली तर व्याज. 1995मध्ये बँकिंग लोकपाल योजना आली. पुढे 2006च्या योजनेत तक्रारीच्या कारणांची जी यादी होती, तिच्या अगदी वरच्या टोकाला चेक, ड्राफ्ट, हुंडी यांचे पैसे न मिळणे किंवा ते वसूल व्हायला अवाजवी उशीर होणे हे कारण होतं.

मग 2004च्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने या सूचना मागे घेतल्या. प्रत्येक बँकेने आपलं 'चेक कलेक्शन पॉलिसी' नावाचं धोरण स्वतः बनवावं, मुदत आणि व्याजदर स्वतः ठरवावा, असं सांगितलं. इंडियन बँक्स असोसिएशनने नमुना धोरण काढलं आणि बँकांनी ते थोडंफार बदलून स्वीकारलं. स्पर्धेमुळे सेवा सुधारेल असा त्यामागचा विचार होता. मला तो तेव्हाही भाबडा वाटला असता. चेकला किती दिवस लागतात हे बघून खातं कुठे उघडायचं ते ठरवणारा ग्राहक किती असेल?

हा मोकळेपणा फार टिकला नाही. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगासमोर 2006 सालचं 82 क्रमांकाचं प्रकरण चाललं आणि 2008मध्ये आयोगाने बाहेरगावच्या चेकसाठी जास्तीत जास्त मुदत घालून दिली. राज्यांच्या राजधान्यांसाठी 7 दिवस, मोठ्या शहरांसाठी 10, इतर ठिकाणांसाठी 14. 24 नोव्हेंबर 2008 रोजी रिझर्व्ह बँकेने हे परिपत्रकाने सगळ्या बँकांना कळवलं. मुदत उलटली तर धोरणातल्या दराने व्याज, आणि धोरणात दरच लिहिलेला नसेल तर तितक्या दिवसांच्या मुदत ठेवीचा दर. स्थानिक चेकची रक्कम क्लिअरिंगमध्ये दिल्याच्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, जमा व्हायला हवी. बाहेरगावचा चेक स्वीकारायला बँकेने नकार देऊ नये, हेही त्यात होतं.

स्थानिक चेकला उशीर झाला आणि धोरण त्याबद्दल गप्प असेल तर काय, हा प्रश्न 2012पर्यंत लोंबकळत राहिला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये उत्तर आलं: बचत खात्याचा दर. मुदत ठेवीचा नव्हे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला. चेकच्या प्रतिमेवर चालणारी क्लिअरिंग, म्हणजे सीटीएस, 2008मध्ये दिल्लीत सुरू झाली, 2011मध्ये चेन्नईत, आणि 2013च्या एप्रिलमध्ये मुंबईचं पश्चिम ग्रिड, म्हणजे अनेक राज्यांतले चेक एकत्र वटवणारं केंद्र, चालू झालं. कागद शाखेतच थांबू लागला, फक्त स्कॅन केलेली प्रतिमा पुढे जाऊ लागली. एका ग्रिडमधल्या शाखांचे चेक स्थानिक धरले जाऊ लागले, त्यामुळे रत्नागिरीत भरलेला नागपूरचा चेक बाहेरगावचा राहिला नाही आणि वटणावळही गेली. ग्राहकाचा मोठा फायदा झाला यात शंका नाही. पण चेक जसजसे 'स्थानिक' होत गेले, तसतशी धोरण गप्प असताना लागू होणारी भरपाई मुदत ठेवीच्या दरावरून बचतीच्या दरावर उतरली. हे कोणी ठरवून केलं असं नाही, दोन वेगळ्या सुधारणा एकमेकींना भेटल्या आणि परिणाम तसा झाला.

बचतीच्या व्याजाची स्वतःची एक गंमत होती. 1 एप्रिल 2010पर्यंत बचत खात्यावरचं व्याज रोजच्या शिलकीवर मोजलं जात नसे. महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज मिळायचं. म्हणजे 60,000 रुपयांचा चेक 9 तारखेला जमा व्हायला हवा होता आणि 12 तारखेला झाला, तर 3.5 टक्के दराने साधारण 175 रुपये, म्हणजे त्या रकमेचं अख्ख्या महिन्याचं व्याज बुडायचं. बँक भरपाई म्हणून 3 दिवसांचं व्याज द्यायची, सुमारे 17 रुपये. जुन्या तक्रारींमध्ये ग्राहक इतक्या चिवटपणे का भांडत, ते यातून कळतं. आता व्याज रोजच्या शिलकीवर असल्याने ही दरी उरलेली नाही.

आजची दरी दुसरीकडे आहे. समजा 2,40,000 रुपयांचा चेक 9 दिवस उशिरा जमा झाला आणि बचतीचा दर 2.5 टक्के आहे. भरपाई होते 148 रुपये. त्याच दिवसांत गृहकर्जाचा हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेला, बँकेने त्याचे 500 रुपये आणि जीएसटी मिळून 590 कापले आणि कर्ज देणाऱ्या संस्थेनेही तेवढेच लावले. खरं नुकसान 1,328 रुपये, आणि धोरणातला तक्ता देतो 148. उरलेली रक्कम आपोआप कधीच येत नाही. ती वेगळी मागावी लागते आणि चेकच्या उशिरामुळेच हप्ता परत गेला हे कागदावर दाखवावं लागतं: चेक वेळेवर जमा झाला असता तर हप्त्याच्या दिवशी शिल्लक किती असती, हे खाते उताऱ्यावरून मांडायचं. हप्ता परत जाण्याच्या तारखेनंतर चेक जमा व्हायचा होता, तर ही मागणी कोसळते.

खातं कॅश क्रेडिटचं, म्हणजे धंद्यासाठी मर्यादेपर्यंत कर्ज उचलता येणारं, असेल तर हिशेब वेगळा. तिथे उशीर म्हणजे कर्जाचं व्याज जास्त दिवस भरणं. नमुना धोरणात अशा वेळी कर्जाच्याच दराने भरपाई सांगितली आहे, आणि 90 दिवसांपुढचा उशीर असेल तर त्यावर आणखी 2 टक्के. 11 टक्क्यांच्या कर्जात वरच्याच रकमेचे आणि वरच्याच 9 दिवसांचे 651 रुपये होतात. अशा खात्यासाठी नोंद मागच्या तारखेने, म्हणजे व्हॅल्यू डेटने, करून मागणं अधिक सोपं. त्याने व्याजाचा फरक आपोआप सुटतो.

सगळं अवलंबून असतं ते चेक भरल्याच्या तारखेवर, आणि तीच बहुतेकांकडे नसते. ड्रॉप बॉक्समध्ये टाकलेल्या चेकच्या स्लिपवर शिक्का नसतो. काउंटरवर देऊन शिक्क्यासह पोहोच मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि ती नाकारू नये अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. डब्याजवळ तशी पाटीही लावायला सांगितलेली आहे, ती शोधून पाहावी लागते हा भाग निराळा. पोहोच नसेल तर बँक उशीर मोजते तो स्वतःच्या स्कॅनिंगच्या तारखेपासून, आणि मधले दोन दिवस कुठे गेले हे सिद्ध करता येत नाही. उशीर फार लांबला तर आणखी एक अडचण येते. 1 एप्रिल 2012पासून चेक तारखेपासून 3 महिनेच चालतो. गहाळ झालेला चेक बँकेने लगेच कळवायला हवा, आणि दुसरा चेक मिळवण्याचा खर्च बँकेच्या अंगावर येतो.

तक्रार आधी बँकेकडेच लेखी द्यावी लागते: चेकचा क्रमांक, भरल्याची तारीख, धोरणानुसार जमा व्हायची तारीख, प्रत्यक्ष तारीख, दिवस, दर, आणि शुल्काच्या नोंदी तारखेसह. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर जाता येतं.

आतापर्यंत बँकेच्या हातात एक हुकमी सबब होती: समोरच्या बँकेकडून उत्तर आलं नाही. 4 ऑक्टोबर 2025पासून ती बरीच बोथट झाली आहे. चेक दिवसातून ठराविक वेळेला गठ्ठ्याने जाण्याऐवजी दिवसभर पाठवले जाऊ लागले, आणि समोरच्या बँकेने संध्याकाळी 7 वाजेपर्यंत हो-नाही कळवलं नाही तर चेक मान्य धरला जातो. सेटलमेंट, म्हणजे बँकांमधला आपसातला हिशेब, झाल्यावर तासाभरात पैसे ग्राहकाला द्यायचे. सुरुवातीच्या आठवड्यांत याच नव्या पद्धतीत तांत्रिक घोळ होऊन चेक अडकल्याच्या तक्रारी आल्या, आणि तीन तासांत निकाल देणारा दुसरा टप्पा पुढे ढकलावा लागला. तरीही तक्रार करणाऱ्याच्या दृष्टीने पहिला टप्पा कामाचा आहे: चेक सीटीएसमध्ये पाठवल्याची वेळ बँकेकडून लेखी मागवली, की त्यापुढचा प्रत्येक दिवस तिलाच समजावून सांगावा लागतो.