आधारवर माहेरचं नाव, म्हणून पैसे तांदळाच्या डब्यात

(कृष्णाकाठच्या एका गावात ग्रामसभेत केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)

मंडळी, बसून घ्या. सरपंचांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, पैसे घरात ठेवावेत की बँकेत. मी बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस, म्हणजे मी काय सांगणार हे तुम्हाला आधीच माहीत आहे. म्हणून आधी एका काकूंचा हिशेब सांगतो. नाव सांगत नाही, त्या इथंच बसल्यात.

ऑगस्ट २०१९ चा पूर. काकूंच्या तांदळाच्या डब्यात पाचशेच्या ४६ नोटा होत्या, २३,००० रुपये. होडीतून बाहेर पडताना म्हस सोडून आल्या, तिथं डब्याचं काय. आठवड्यानं परतल्या तेव्हा डब्यात तांदूळ आंबलेला आणि नोटांचा गोळा. त्यांनी घाईघाईनं नोटा ओढून सुट्या केल्या, तिथंच निम्मं नुकसान झालं. भिजलेल्या नोटा सावलीत, पंख्याखाली वाळू द्यायच्या. ओढायच्या नाहीत, इस्त्री तर मुळीच फिरवायची नाही.

बँकेत नोट बदलण्याचा नियम मोजमापाचा आहे. पाचशेच्या नोटेचा सगळ्यात मोठा सलग तुकडा शंभरात ऐंशीच्या वर भरला तर पूर्ण पैसे, चाळीस ते ऐंशीच्या मधे भरला तर निम्मे, चाळीसच्या खाली काही नाही. काकूंच्या ३१ नोटा मळक्या पण धड होत्या, त्यांचे १५,५०० आले. ९ नोटा निम्म्या किमतीत गेल्या, २,२५०. उरलेल्या ६ नोटांचा लगदा झाला होता, त्या गेल्या. हातात १७,७५० रुपये. पुरानं ५,२५० खाल्ले, आणि त्याचा पंचनामा कुठल्याच तलाठ्यानं केला नाही, कारण डब्यात किती होते याला पुरावा काय? त्याच पुरात आमच्या शाखेचीही रजिस्टरं भिजली, पण खातेदाराचा एक रुपया कमी झाला नाही. खातं कागदावर नसतं, मुख्य संगणकावर असतं.

आता तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कळतं ओ, पण बँक खातं उघडून देते कुठं? खरं आहे. काकू पुराच्या आधी दोनदा बँकेत जाऊन परत आल्या होत्या. म्हणून आज खातं उघडण्याचंच बोलू.

पात्रता म्हणाल तर काही नाही. जनधनचं किंवा साधं मूलभूत बचत खातं शून्य शिलकीवर उघडतं. आधार, मतदान कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा रोजगार हमीचं सहीचं जॉब कार्ड यातलं एक, आणि फोटो. पॅन नसेल तर फॉर्म ६० भरायचा. "पॅन आणा, मग या" असं काउंटरवरून सांगितलं तर शांतपणे फॉर्म ६० मागा. रेशनकार्ड घेऊन मात्र जाऊ नका. गावात त्याला सगळीकडे मान असला तरी ओळखीचा पुरावा म्हणून बँक ते धरत नाही. दर महिन्याला कुणीतरी त्याच्यावरून माघारी येतो.

खरी अडचण बायकांची आहे. आधार माहेरच्या नावाचं, मतदान कार्ड सासरच्या नावाचं, आणि फॉर्मवर मुलानं तिसरंच नाव लिहिलेलं. कारकून म्हणतो, नाव जुळत नाही. काकूंचं हेच झालं होतं. याला उपाय नियमातच आहे: नाव लग्नामुळं बदललं असेल तर जुन्या नावाचं ओळखपत्र चालतं, फक्त सोबत सरकारी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागते. लग्नपत्रिका चालत नाही, भटजींची चिठ्ठी चालत नाही.

आणि हा दाखला गावात बहुतेकांकडं नाहीच! चाळीस वर्षं संसार झाला, पण कागदावर लग्न नाही. नोंदणी आपल्या ग्रामपंचायतीतच होते, ग्रामसेवकांकडं, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. दोघांचे वयाचे व रहिवासाचे पुरावे, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, साक्षीदार, असा तो कारभार. लग्न लावणारे भटजी हयात नसतील तर आधी अधिकाऱ्यांना विचारा, परस्पर कुणाची तरी सही घालू नका. दाखला मिळाला की त्याच्यावरच आधारचं नाव बदलून घ्या, म्हणजे पुढं गॅस, पेन्शन, वारसनोंद सगळीकडं तेच भांडण नको. काकूंना यात दोन महिने लागले. कामाला दोन दिवस, बाकी साहेब रजेवर.

तोवर पैसे कुठं? ज्याच्याकडं यातलं कुठलंच ओळखपत्र नाही त्याला 'लहान खातं' मिळतं. बँक अधिकाऱ्यासमोर फोटोवर सही किंवा अंगठा, बस्. शिल्लक कधीही ५०,००० च्या वर नको, वर्षात जमा एक लाखाच्या आत, महिन्याला काढायचे १०,००० च्या आत. बारा महिने चालतं. तेवढ्यात ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी बारा. काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही, नाव घेऊन मागावं लागतं. नाही म्हणाले तर कारण लिहून मागा, लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं cms.rbi.org.in वर तक्रार जाते.

आता एक कडू गोष्ट. ऊसबिल आलं की अर्धं गाव पिग्मीवाल्याकडं पैसे देतं आणि म्हणतं, बँकेत ठेवलेत. पासबुकावर 'पतसंस्था' लिहिलंय का बघा. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, व्याज धरून, ५ लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो एकच लाख होता. हा विमा राष्ट्रीयीकृत बँकेला आहे तसा परवानाधारक सहकारी बँकेलाही आहे. कराडच्या एका सहकारी बँकेचा परवाना २०२० च्या डिसेंबरात रद्द झाला, तेव्हा नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त ठेवीदारांची पूर्ण रक्कम या विम्यात बसत होती. पतसंस्थेला हा विमा नाही. पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाही, आमचीही ठेव एकीत होती. पण तिला बँक समजून म्हातारपणाची पुंजी ठेवू नका. आणि पाच लाखांच्या वर असेल तर दोन बँकांत वाटा. त्याच बँकेच्या दोन शाखांत वाटून उपयोग नाही.

खातं उघडून विसरू नका. दोन वर्षं तुम्ही स्वतः व्यवहार केला नाही की ते निष्क्रिय होतं. परत चालू करायला केवायसीची कागदपत्रं द्यावी लागतात, पण त्याचे पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका. आणि वारसाचं नाव फॉर्मवर लिहा. तो रकाना मोकळा सोडला की मागं राहिलेल्यांना किती खेपा घालाव्या लागतात ते मी काउंटरच्या आतून बघितलंय.

मंगळवारी सकाळी दहाला मी पंचायतीत बसतो. विवाह नोंदणीचे फॉर्म तिथंच भरू. मूळ कागद आणा, झेरॉक्स नंतर काढता येतील. आणि पत्रिका सापडत नसेल तर लग्नाचा फोटो तेवढा भिंतीवरून उतरवून आणा.