२०० वरून २०१ युनिट झाले की काय होतं?

मोफत विजेचं बिल हातात घेतलं की आधी गोंधळ उडतो, कारण त्यावर वीज मोफत असल्याचं कुठे दिसत नाही. वापरलेले युनिट, त्यांचा दर, स्थिर आकार असा सगळा हिशेब नेहमीसारखाच मांडलेला असतो आणि शेवटी सबसिडीची एक ओळ तेवढीच रक्कम वजा करते. हे विद्युत कायदा २००३ च्या कलम ६५ मुळे घडतं. वीजदर नियामक आयोग ठरवतो. सरकारला कुणाला स्वस्त वीज द्यायची असेल तर ते अनुदानाचे पैसे स्वतःच्या तिजोरीतून आगाऊ भरतं. त्यामुळे वीज कंपनीसाठी दर तोच राहतो, फक्त तुमच्या वाट्याचे पैसे दुसरा कुणी भरतो.

जयललितांनी २०१६ मध्ये तमिळनाडूत दर दोन महिन्यांना पहिली १०० युनिट मोफत केली. तिथे वापर वाढला तरी पहिल्या शंभरांची सूट टिकते. दिल्लीने वेगळी वाट धरली. २०१५ पासून तिथे ४०० युनिटपर्यंत निम्मं अनुदान होतं. १ ऑगस्ट २०१९ पासून २०० युनिटपर्यंतचं बिल शून्यावर आलं, तर २०१ ते ४०० पर्यंत निम्मं माफ, तेही कमाल ८०० रुपये. म्हणजे ही सूट पायरीगत आहे, आणि पायरी चुकली की पाय चांगलाच घसरतो.

२०१९ चे दर घेऊन बघा. मंजूर भार २ किलोवॅट, महिना ३० दिवसांचा. २०० युनिटपर्यंत ३ रुपये दराने ६०० आणि स्थिर आकार ४०, असे ६४० रुपये, सगळे वजा. आता २१० युनिट झाले तर वरच्या दहांना साडेचार रुपये दर लागून बिल ६८५ होतं, त्यातले निम्मे, म्हणजे सुमारे ३४२ रुपये भरावे लागतात. अधिभार आणि कर यात धरलेले नाहीत. वरच्या दहा युनिटांची किंमत ४५ रुपये, पण खिशातून जातात ३४२! ४०० ओलांडले की उरलेली निम्मी सूटही जाते. मला यात धोरणापेक्षा हिशेबाची सोय जास्त दिसते.

म्हणून शून्याचं बिल अचानक बंद झालं की आधी युनिटांच्या शेजारी बिलाचा कालावधी पाहावा. युनिटांची मर्यादा महिन्याची असते आणि रीडिंग लांबलं तर बिलावरचे युनिट साहजिकच जास्त दिसतात. वापर खरंच वाढला की फक्त दिवस वाढले, हे तिथेच कळतं.

दुसरं कारण वापराशी संबंधितच नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून दिल्लीत अनुदान मागणाऱ्यालाच मिळू लागलं. ज्यांनी अर्ज केला नाही, त्यांचा वापर २०० च्या आत असला तरी सबसिडीची ओळ गायब झाली आणि बिल पूर्ण आलं.