टॅन इन्व्हर्सची सिरीज १ च्या पुढे का बिघडते?

आर्कटॅन म्हणजे टॅन इन्व्हर्स, त्याचा ग्राफ बघितला तर कुठेही तुटत नाही, टोक नाही, सगळीकडे गुळगुळीत. आणि सिरीजही किती सोपी,

x − x³/3 + x⁵/5 − x⁷/7 + …

मग x = 1.2 टाकून बघा. टर्म येतात 1.2, 0.576, 0.498, आणि वाटतं चला, लहान होतायत. पण पुढची 0.512, मग 0.573, मग 0.675, आणि तिथून फुगतच जातात. बेरजा पण 1.2, 0.624, 1.122, 0.610, 1.183 अशा हेलकावे खातात, खरं उत्तर मात्र 0.876058 आहे.

असं का होतं ते कळायला ही सिरीज आली कुठून ते बघावं लागतं. आर्कटॅनचं डेरिव्हेटिव्ह 1/(1+t²), त्याचा भागाकार करत गेलं की 1 − t² + t⁴ − … येतं, आणि n टर्मनंतर थांबलं की बाकी उरते t²ⁿ/(1+t²), फक्त चिन्ह + किंवा −. ही बाकी 0 पासून x पर्यंत इंटिग्रेट केली की तीच आपली एरर. खाली 1+t² आहे तो कधीच 1 पेक्षा लहान नाही, म्हणून x पॉझिटिव्ह असेल तर एरर x²ⁿ⁺¹/(2n+1) पेक्षा कमीच, म्हणजे सोडलेल्या पहिल्या टर्मपेक्षा कमी. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही की हे 1.2 ला पण खरंच आहे! फक्त तिथे ती टर्म 0.498 च्या खाली उतरतच नाही, त्यामुळे कितीही टर्म घेतल्या तरी भरवशाचं असं काही हाती लागत नाही.

x = 0.5 ला चार टर्म घेतल्या तर 0.463467 येतं, पाचवी टर्म 0.000217, आणि खरी एरर 0.00018, म्हणजे अंदाजाच्या आतच. x = 1 ला सिरीज π/4 कडे जाते खरी पण फार रडतखडत, चारने गुणून π काढायला गेलात तर एरर 0.001 च्या आसपास यायलाच हजारेक टर्म लागतात.

आता रेडियस नेमका 1 च का? 1+t² शून्य होतो t = i ला, आणि 0 पासून i चं अंतर 1. रिअल रेषेवर हा खड्डा दिसत नाही पण सिरीजला तो लागतो. मग सेंटरच 0 वरून 1 वर हलवा ना, तिथून i चं अंतर √2, म्हणजे साधारण 1.414, आणि 1.2 तर फक्त 0.2 लांब:

π/4 + 0.2/2 − 0.2²/4 + 0.2³/12 = 0.876065

चारच टर्म, आणि एरर 0.00001 च्या आत. पुढची टर्म (चौथ्या पॉवरची) शून्यच निघते, त्यानंतरची −0.2⁵/40 म्हणजे −0.000008, ती मिळवली की 0.876057.