दूध पाजण्याआधी बाळाच्या नाकात सलाईनचे थेंब घालणे

चोंदलेल्या नाकामुळे दूध ओढू न शकणाऱ्या तान्ह्या बाळासाठी केला जाणारा घरगुती उपाय. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. तोंडात दूध असताना तर त्याला दुसरी वाटच नसते. त्यामुळे साध्या सर्दीतही भुकेले बाळ तीन-चार घोट घेते, स्तन सोडते, रडते आणि पुन्हा तोंड लावते. घरातल्यांना वाटते की दूध कमी पडते आहे. अडलेले असते ते नाक.

थेंब म्हणजे फक्त मिठाचे निर्जंतुक पाणी, साधारण ०.६५ ते ०.९ टक्के. त्यात औषध नसते. वाळलेले मेकूड मऊ होते, शेंबूड पातळ होतो, इतकेच. सर्दी त्याने बरी होत नाही. दुकानात शेजारीच ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन या चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या औषधांचे थेंब तशाच बाटलीत मिळतात. ते तान्ह्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालू नयेत. त्यांनी बाळ गुंगीत जाऊ शकते, श्वास मंदावू शकतो. म्हणून बाटलीवर ‘सोडियम क्लोराइड’ एवढेच आहे ना, ते वाचावे.

दूध पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी बाळाला उताणे निजवून मान किंचित मागे करतात. प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब सोडायचे, बाटलीचे टोक नाकाला लावायचे नाही. मिनिटभरात बाळ शिंकते किंवा पातळ झालेला शेंबूड गिळते, दोन्ही चालते. बाहेर आलेले मऊ कापडाने टिपावे. तरीही घरघर राहिली तर रबरी फुग्याने ओढता येते: फुगा बाहेरच दाबायचा, टोक नाकपुडीच्या तोंडाशीच ठेवायचे, मग हळूच सोडायचा. हे वारंवार केले तर आतली त्वचा सुजते आणि नाक आणखी चोंदते. पाजल्यानंतर मात्र थेंब टाळावेत, कारण ठसका लागून प्यायलेले दूध उलटते. थेंब उपयोगी पडले की बाळ न सोडता सलग दूध ओढते.

आपल्याकडे न्हाऊ घालताना नाकात तेल सोडण्याची चाल अजून आहे. ती सोडलेलीच बरी: तेल श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर तिथे दाह होतो. छातीला चोळायचे कापूरयुक्त मलमही दोन वर्षांखालच्या मुलांना वापरू नये.

नुसती घरघर आहे, पण बाळ नीट पिते आणि झोपते, तर थेंबांचीही गरज नसते. उलट नाक मोकळे करूनही बाळ पीत नसेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, किंवा शांत असताना मिनिटाला साठ (दोन महिन्यांनंतर पन्नास) किंवा त्याहून जास्त श्वास मोजले, तर लगेच दवाखाना गाठावा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस ताप आला तरीही तेच. पिताना निळसर पडणारे आणि रडताना पुन्हा गुलाबी होणारे नवजात बाळही तातडीने दाखवावे; त्याच्या नाकाची मागची वाट जन्मतःच बंद असू शकते.